गेलेल्या माणसाचा शब्द

पार्ट्या सांभाळणारा माणूस नोकरी सोडून गेला की कंपनीतून एक मेल निघते. ‘कळविण्यास आनंद होतो की’ अशी तिची सुरुवात असते. मग नव्या अकाउंट मॅनेजरचं शिक्षण, अनुभव, ‘उत्तम सेवेसाठी कटिबद्ध’ वगैरे येतं आणि खाली मोबाइल नंबर. गेलेल्या माणसाला फार तर अर्धं वाक्य मिळतं, बहुतेकदा तेवढंही नाही. समोरचा परचेसवाला ही मेल उघडतो, वाचतो आणि बंद करतो. नवी व्यक्ती एमबीए आहे की नाही, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. त्याला एकच गोष्ट हवी असते: आधीच्या माणसानं आपल्याला जे जे कबूल केलं होतं, ते आता कोण पाळणार? मेलमध्ये नेमकं तेवढंच नसतं.

माझं म्हणणं असं की नव्या माणसाचा परिचय हा मुळात नव्या माणसाबद्दलचा विषयच नाही. जुन्या माणसानं कंपनीच्या वतीनं दिलेला शब्द कंपनी स्वतःच्या अंगावर घेते आहे की झटकते आहे, हे सांगण्याचा तो प्रसंग आहे. आपल्याकडचे बहुतेक कारखाने आणि सेवा देणाऱ्या कंपन्या तो ओळखपरेडीसारखा उरकतात आणि मग सहा महिन्यांनी ऑर्डर का कमी झाली म्हणून बैठका घेतात.

हे हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण घेऊ. समजा, भोसरी एमआयडीसीत पुठ्ठ्याचे खोके बनवणारा एक मध्यम कारखाना आहे. चाकण, रांजणगाव, पिरंगुट इथल्या तीसेक कंपन्या त्याच्याकडून नियमित माल घेतात. त्यांतल्या निम्म्या पार्ट्या एकच गृहस्थ कित्येक वर्षं सांभाळत होते. ते गेले आणि दोन मैल पलीकडच्या दुसऱ्या खोकेवाल्याकडे रुजू झाले. त्यांच्या जागी छपाईच्या धंद्यातून आलेल्या एक बाई नेमल्या. त्यांना लॅपटॉपमध्ये तयार फाइल मिळाली. पार्टीचं नाव, मालाचे आकार, पाच प्लाय की तीन प्लाय, दर, मागची येणी हे सगळं त्या फाइलमध्ये व्यवस्थित होतं.

आता चाकणच्या एकाच पार्टीपुरतं बघू. ही कंपनी पंपांचे सुटे भाग बनवते. फाइलमध्ये तिच्या खोक्याचा कागद 18 बीएफ लिहिलेला आहे. बीएफ म्हणजे बर्स्टिंग फॅक्टर, कागद किती दाब सोसून फाटतो त्याचं माप. पण पावसाळ्यात पुठ्ठा हवेतला ओलावा ओढतो आणि मऊ पडतो. एका वर्षी या पार्टीच्या गोडाउनमध्ये थप्पीतले खालचे खोके चेपले होते. तेव्हापासून जून ते सप्टेंबर बाहेरचा कागद 22 बीएफचा आणि गठ्ठे प्लास्टिकमध्ये गुंडाळून द्यायचे, दर मात्र तोच, असं ठरलं होतं. हे कुठेही लिहिलेलं नाही. एका विशिष्ट आकाराचे पाचशे खोके कायम आपल्या गोडाउनमध्ये तयार ठेवायचे, हेही नाही. महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर त्यांचं अकाउंट्स खातं बिल घेत नाही, म्हणून शेवटच्या आठवड्यातला माल पुढे ढकलायचा, हेही नाही. चार वाजल्यानंतर गाडी गेटवर पोचली तर स्टोअरवाला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवतो. कागदाचे भाव वाढले तरी दिवाळीपर्यंत दर वाढवायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, क्वालिटीवाल्यानं माल नाकारला की थोडक्या मालासाठी डेबिट नोट काढायची नाही, पुढच्या गाडीत बदली खोके टाकून प्रकरण मिटवायचं.

यातली एकही गोष्ट त्या गृहस्थांनी लपवलेली नव्हती. ती फक्त त्यांच्या डोक्यात होती. ज्याला आपण खातं सांभाळणं म्हणतो, त्याचा मोठा भाग हाच असतो. लेखी करार परचेसशी होतो, पण रोजचा व्यवहार परचेस, स्टोअर, क्वालिटी आणि अकाउंट्स अशा चार टेबलांवरच्या माणसांशी असतो, आणि या चौघांना सांभाळून घेणाऱ्या अटी बोलण्यात ठरतात. माणूस गेला की अटी जात नाहीत. त्या पाळण्याची जबाबदारी कोणाची, एवढंच कुणाला माहीत नसतं. जून उजाडतो, नव्या बाई फाइलप्रमाणे 18 बीएफचा माल पाठवतात, ऑगस्टमध्ये थप्पी कलते आणि पार्टीच्या लेखी एकच अर्थ निघतो: कंपनी बदलली.

या ठिकाणी मालक मंडळींचं एक ठरलेलं उत्तर असतं. ‘तोंडी बोललेलं आम्ही कशाला मानायचं? तो गेला, त्याचं बोलणं त्याच्याबरोबर गेलं.’ व्यवहार म्हणून हे चूक आहेच, पण कायद्याच्या अंगानंही ते वाटतं तितकं सुरक्षित नाही. 1872च्या भारतीय करार कायद्यात प्रतिनिधीच्या अधिकारांबद्दल एक प्रकरण आहे. त्यातलं 208वं कलम सांगतं की प्रतिनिधीचा अधिकार काढून घेतला तरी त्रयस्थ माणसापुरता तो, त्या माणसाला ते कळेपर्यंत, संपत नाही. कायद्यानंच दिलेलं उदाहरण मजेदार आहे आणि ते मुंबईच्या गोदामातल्या कापसाचं आहे. मद्रासचा मालक पत्र लिहून आपल्या माणसाला हा कापूस विकायला सांगतो आणि नंतर दुसऱ्या पत्रानं तो अधिकार काढून घेतो. माणूस दुसरं पत्र मिळाल्यावरही कापूस विकतो, पैसे घेतो आणि पसार होतो. घेणाऱ्याला पहिलं पत्र माहीत होतं, दुसरं नव्हतं. त्यानं दिलेले पैसे मालकाला दिल्यासारखेच धरले जातात. मालकानं मनात किंवा आपल्या दप्तरात काय ठरवलं याला किंमत नाही, समोरच्याला काय कळलं याला आहे.

हे दीडशे वर्षांपूर्वीचं कलम आजच्या एमआयडीसीत जसंच्या तसं लागू पडतं. गृहस्थ 31 जुलैला गेले आणि पार्टीला ते 20 ऑगस्टला कळलं, तर मधले वीस दिवस त्यांच्या जुन्या नंबरवर झालेलं बोलणं नाकारताना कंपनीची बाजू लंगडी असते. म्हणजे परिचयाचं पत्र हे शिष्टाचाराचं पत्र वाटलं तरी प्रत्यक्षात ती एक सूचना आहे. अमुक तारखेपासून अमुक व्यक्तीला आमच्या वतीनं बोलण्याचा अधिकार नाही, तमुकला आहे, असं त्यात साध्या शब्दांत असायला हवं. ‘कळविण्यास आनंद होतो’ या सुरात ते कुणी लिहीत नाही.

पार्टी गेलेल्या माणसाच्या मागे जाऊ नये म्हणून काही मालक वकिलाकडे धावतात. तिथे फारसं काही हाती लागत नाही. याच कायद्याचं 27वं कलम व्यवसायावर बंधन घालणारा करार रद्दबातल ठरवतं, आणि आपल्या न्यायालयांनी ते नोकरी किंवा करार संपल्यानंतरच्या बंधनांना कडकपणे लावलं आहे. क्रिकेटपटू झहीर खानच्या 2006च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं, करार संपल्यावरही जुन्या व्यवस्थापन कंपनीला पहिली संधी देण्याची अट याच कलमाखाली टिकत नाही, असं म्हटलं. गोपनीय माहिती, ड्रॉइंग, दरांची फाइल चोरून नेली तर गोष्ट वेगळी. पण जुन्या पार्टीला फोन करून ‘मी आता इथे आहे’ एवढं सांगण्यापासून कुणाला अडवता येणं अवघड आहे. तो फोन करणारच. प्रश्न इतकाच की त्याचा फोन आधी जातो की तुमचा.

तेव्हा तोंडी शब्द शोधून काढावे लागतात. इथे दुसरी शंका येते आणि ती रास्त आहे: पार्टीला विचारलं तर ती वाटेल ते सांगेल. ‘आधीच्या साहेबांनी पाच टक्के कमी करतो म्हटलं होतं’ असं ऐकलं नाही असा नवा अकाउंट मॅनेजर मला तरी भेटलेला नाही. यावर माझ्या माहितीतला सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे आधी आपलंच दप्तर वाचणं. जो शब्द एकदा तरी पाळला गेला, त्याची खूण कुठेतरी राहतेच. मागच्या पावसाळ्याची कागदाची मागणी काढून बघितली तर 22 बीएफचा जास्तीचा रोल दिसतो. महिनाअखेरची चलनं आणि बिलांच्या तारखा शेजारी ठेवल्या तर पंचवीस तारखेचा नियम उघडा पडतो. क्वालिटीवाल्यानं माल नाकारल्याची मेल आहे, पण डेबिट नोट नाही, आणि पुढच्या चलनात मागणीपेक्षा चाळीस खोके जास्त गेलेत, हे दिसलं की तिथे काय ठरलं होतं ते समजतं. हे काम करायला बसलं तर एका पार्टीमागे अर्धा दिवस पुरतो.

दप्तरापेक्षाही मोठा साक्षीदार कारखान्यातच असतो. तो म्हणजे डिस्पॅचवाला. गेलेले गृहस्थ महिन्यातून एकदा चाकणला जात असतील, पण स्टोअरवाल्याशी डिस्पॅचवाला रोज बोलतो. ‘पाचशे तयार ठेवा’ हा निरोप त्याच्याच मार्फत गेलेला असतो. माणूस बदलण्याबद्दल ठरवताना मालक, विक्रीप्रमुख, एचआर असे सगळे बैठकीला असतात आणि त्याला मात्र गाडी भरायला खाली ठेवलेलं असतं. मला हा निव्वळ जातिवंत कार्यालयीन उद्धटपणा वाटतो.

दप्तरात ज्याची खूण आहे ते कंपनीनं आपण होऊन कबूल करावं. ज्याची खूणच नाही, ती नवी मागणी समजावी आणि तसं स्पष्ट सांगावं: ‘याची नोंद आमच्याकडे सापडत नाही, पण तुमची मागणी असेल तर नव्यानं बोलू.’ असं सांगितल्यानं पार्टी दुखावत नाही. ‘बघतो’, ‘वर विचारतो’ असं सहा आठवडे ऐकत राहिल्यानं मात्र नक्की दुखावते.

सगळेच शब्द जसेच्या तसे पाळायचे नसतात, हेही खरं आहे. उधारीचंच बघा. गृहस्थांनी एखाद्या पार्टीला तोंडी पंच्याहत्तर दिवस दिलेले असतात. आपला कारखाना सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर 2006च्या कायद्यानुसार लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे जाता येत नाही, आणि लेखी काहीच नसेल तर मुदत 15 दिवसांचीच. 2024-25 या कर-निर्धारण वर्षापासून त्याला आयकराची जोड मिळाली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च वजावटीला मिळत नाही. म्हणजे तोंडी पंच्याहत्तर दिवस आता पार्टीच्याच सीएला नको असतात. अशा वेळी नव्या बाईंनी शब्द मोडला असं वाटू न देता तो बदलावा लागतो, आणि ते पहिल्याच भेटीत, मालक शेजारी असताना. तिसऱ्या महिन्यात एकट्यानं सांगितलेली तीच गोष्ट नव्या बाईंची कटकट ठरते.

आता पत्राकडे येऊ. पत्र ही दुसरी पायरी आहे, पहिली फोनची. तो फोन मालकानं किंवा पार्टीला आधीपासून माहीत असलेल्या माणसानं करायचा. एचआरचा आवाज पार्टीनं कधी ऐकलेला नसतो. फोनवर तिघांची ओळख झाली की त्याच दिवशी मेल जावी. तिच्यात आधीचे गृहस्थ कोणत्या तारखेला गेले ते एका वाक्यात यावं. कारण सांगायचं नाही आणि त्यांच्याविरुद्ध एक अक्षर काढायचं नाही. ज्या माणसावर पार्टीनं वर्षानुवर्षं विश्वास टाकला त्याची निंदा केली तर आपण पार्टीच्या अकलेवर शिंतोडे उडवत असतो. मग नवी व्यक्ती, तिचा नंबर, आणि ती रजेवर असेल तर कोण. त्यानंतर पत्राचा गाभा: ‘आपल्याशी ठरलेल्या पुढील गोष्टी आमच्या नोंदीत आहेत आणि त्या तशाच चालू राहतील’, असं म्हणून पावसाळी कागद, पाचशेचा साठा, दिवाळीपर्यंतचा दर. शेवटी ‘यात काही राहून गेलं असेल तर या महिनाअखेरपर्यंत कळवा.’ या एका ओळीनं बनावट कबुल्यांचा प्रश्नही बराचसा सुटतो, कारण लेखी मागताना माणूस तोलून मागतो.

एक ओळ आणखी हवी आणि ती बहुतेक जण विसरतात: ‘आमचं बँक खातं बदललेलं नाही.’ माणसं बदलण्याचा काळ हा मेलवरून फसवणूक करणाऱ्यांचा आवडता काळ असतो. कंपनीशी मिळत्याजुळत्या पत्त्यावरून ‘मी नवीन अकाउंट मॅनेजर, आमचं खातं बदललं आहे, पुढचं बिल इथे भरा’ अशी मेल येते, आणि पार्टीला खरोखरच नवीन माणसाची अपेक्षा असल्यानं ती खरी वाटते. खात्यात बदल झालाच तर तो लेटरहेडवर येईल आणि जुन्या, माहितीतल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे पाठवू नका, हे आधीच लिहून ठेवलेलं बरं.

मेल गेली म्हणून काम संपत नाही. मोठ्या कंपन्यांच्या व्हेंडर पोर्टलवर जुन्याच माणसाचा पत्ता नोंदलेला असतो, आणि मागणीपत्रं तिथेच जात राहतात. तो बदलायला लेटरहेडवर अर्ज द्यावा लागतो आणि दिवस लागतात. तोवर जुना मेलपत्ता बंद करणं म्हणजे स्वतःच्या ऑर्डरी स्वतःच परत पाठवणं. तो काही महिने चालू ठेवून नव्या बाईंकडे वळवावा. मोबाइलचं सिम कंपनीचं असेल तर नंबर इथेच राहतो. माणसानं स्वतःच्या नंबरवरून धंदा केला असेल तर पार्टीच्या फोनमध्ये ‘भोसरी बॉक्स’ या नावानं जो नंबर आहे, तो आता प्रतिस्पर्ध्याकडे वाजतो.

आधी कुणाकडे जायचं, यावरही माझं मत चारचौघांपेक्षा वेगळं आहे. सगळे सर्वांत मोठ्या पार्टीकडे आधी धावतात. मोठ्या पार्टीला पद्धत असते, दराचा करार असतो, आठ दिवस उशीर झाला तरी तिथे काही कोसळत नाही. आधी जावं ते जिथे काहीतरी अडकलं आहे तिथे: नाकारलेला माल, न जुळणारं येणं, अर्धवट राहिलेला नमुना. त्यानंतर मधल्या पार्ट्या, ज्यांचा सगळा व्यवहार त्या एका माणसाच्या भरवशावर चालत होता. पहिल्या भेटीत माहितीपत्रक काढू नये. परचेसच्या केबिनमध्ये चहा झाला की नव्या बाईंनी स्टोअरमध्ये जाऊन थप्पी बघावी. तिथला माणूस म्हणेल, ‘मॅडम, ते आधीचे साहेब पावसाळ्यात जरा जाड कागद द्यायचे.’ आणि बाईंना उत्तर देता आलं पाहिजे, ‘हो, बावीसचा. एक जूनपासून तोच येईल.’ या वाक्यासाठी अर्धा दिवस दप्तर वाचायचं होतं.

बिघडतंय हे कसं ओळखावं? तक्रारींवरून नव्हे. नव्या माणसाकडे तक्रार करणारी पार्टी अजून आपली असते. काळजी करावी ती तक्रारी थांबल्यावर. पूर्वी फोनवर बोलणारा स्टोअरवाला मेल पाठवू लागतो. पाच हजारांची मागणी तीन हजारांवर येते आणि कारण ‘सध्या काम कमी आहे’ असं सांगतात, तेव्हा त्यांच्या गेटवर दुसऱ्या खोकेवाल्याची गाडी उभी आहे का ते आपल्या ड्रायव्हरला विचारावं. त्याला हमखास माहीत असतं. आणि एक दिवस परचेसकडून छपाईचे स्टिरिओ परत पाठवा असा निरोप येतो. स्टिरिओचे पैसे पार्टीनं दिलेले असतात, ते तिचे आहेत, नाही म्हणता येत नाही. पण ज्या साच्यावर तिचं नाव छापलं जातं तो साचा पार्टी उगीच मागत नाही. तो निरोप आला तर नव्या बाईंना दोष देत बसू नका. मालकानं त्याच दिवशी गाडी काढावी, डिस्पॅचवाल्याला बरोबर घ्यावं आणि चाकणला जाऊन विचारावं की आमच्या आधीच्या माणसानं दिलेला कोणता शब्द आम्ही मोडला.